सात ते चार

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात फुटपाथवर रांगोळीचे ढीग लागतात. पांढरी एका बाजूला, रंग गोणपाटावर ओळीनं, आणि त्यांच्या शेजारी वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दगडाखाली दाबून ठेवलेली रांगोळीची पातळ पुस्तकं. त्यातलं कुठलंही उघडा. एका पानावर चार-सहा रांगोळ्या, प्रत्येकीच्या खाली बारीक टायपात ‘१५ ते ८’, ‘११ ते ६’, ‘७ ते ४’, आणि झालंच तर पुढे ‘मधले ठिपके’ किंवा ‘सरळ ठिपके’. बस्स. आईच्या शेजारी उकिडवं बसून जिनं लहानपणी अंगणातली रांगोळी पाहिली आहे, तिला यापुढे काही सांगावं लागत नाही. ती पानाकडे एकदा बघते, मनाशी ‘सात ते चार’ म्हणते आणि कामाला लागते. जिनं ती पाहिलेलीच नाही तिच्यासाठी मात्र ते पान म्हणजे उत्तर छापलेलं आणि रीत गाळलेलं गणित असतं. शेवटची आकृती समोर असते, पण कुठली रेघ आधी आली आणि कुठली नंतर, हात कुठं उचलला, कुठं नाही, याचा त्यात मागमूस नसतो.

आमच्या सोसायटीत दिवाळीच्या सुटीत मुलांचं शिबिर भरतं. त्यात वाटायला ठिपक्यांच्या एका रांगोळीचं पत्रक करायचं काम माझ्याकडे आलं. अट एवढीच होती, की कागद घरी नेऊन, कुणालाही न विचारता, नुसता बघून रांगोळी जमली पाहिजे. मी ‘७ ते ४’ घ्यायचं ठरवलं. ‘५ ते ३’ तिच्याहून सोपी, तिचे ठिपके १९च. पण त्यात फूल काढलं की भोवती काही रचायला जागा उरत नाही, आणि मुलांना ती रांगोळी ‘एवढीशी’ वाटते. ‘९ ते ५’ला ६१ ठिपके लागतात. नवशिकं माणूस ते घालतानाच निम्मं दमतं. ‘७ ते ४’चे ठिपके ३७. दोन बोटांच्या अंतरानं घातले तर सगळा पसारा वीत-सव्वा वीत होतो आणि बसल्या जागेवरून हात सगळीकडे पोचतो.

आता, ‘७ ते ४’ म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके आणि तिथून वर आणि खाली एकेक कमी करत चारपर्यंत. जाणकारांना हे इतकं उघड वाटतं की कुठलंच पुस्तक ते छापत नाही. मुलांना नुसता आकडा दाखवून विचारलं तेव्हा काय काय ऐकायला मिळालं! एकाचं म्हणणं, सात ओळी आणि प्रत्येक ओळीत चार. एकीनं सातापासून चारापर्यंत एकाच दिशेला उतरत जाणाऱ्या चार ओळी घातल्या, म्हणजे अर्धीच रांगोळी. दोघांचंही चुकलं असं म्हणता येत नाही; आकडा खरोखरच तेवढंच सांगतो. म्हणून पत्रकावर ठिपक्यांचं पहिलं चित्र आलं, आणि त्याच्या उजव्या कडेला प्रत्येक ओळीसमोर तिच्या ठिपक्यांची संख्या आली: वरून खाली ४, ५, ६, ७, ६, ५, ४. मधल्या सातच्या ओळीखाली जाड रेघ मारून लिहिलं, ‘ही ओळ आधी’. मग वरच्या तीन, मग खालच्या तीन. वरच्या चारपासून सुरुवात करणाऱ्याची ओळ सातपर्यंत पोचेतो हमखास एका बाजूला कलते, कारण तोवर त्याच्यापाशी मध्य कुठं आहे हे सांगणारं काहीच नसतं.

ठिपक्यांचं खरं दुखणं मात्र संख्येत नाही, अंतरात आहे. ‘मधले ठिपके’ म्हणजे वरच्या ओळीतला ठिपका खालच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. हे एकदा सांगितलं की मुलांना कळतं. पण मधोमध म्हणजे आडवं कुठं ते कळलं. किती वर, ते कुणी सांगायचं? पट्टी हातात असलेलं शहाणं मूल काय करतं, तर एका ओळीत दोन ठिपक्यांत चार सेंटीमीटर ठेवलेत ना, मग दोन ओळींतही चार ठेवतं. दिसायला हे नीटनेटकं. पण समभुज त्रिकोणाची उंची त्याच्या बाजूपेक्षा कमी असते. चार सेंटीमीटरच्या बाजूला उंची साडेतीनच्या किंचित आतच येते. ओळी चारवर घातल्या की सहा अंतरं मिळून रांगोळी तीन सेंटीमीटरनं उंच होते. ठिपके बघताना हे जाणवत नाही. फूल काढलं की दिसतं: आडव्या दोन पाकळ्या आठ सेंटीमीटरच्या आणि तिरक्या चार जवळजवळ नऊच्या. फूल वरून-खालून कुणीतरी ओढल्यासारखं लांबुडकं होतं आणि काढणाऱ्याला वाटतं, आपला हातच वाकडा.

तेव्हा पत्रकावर ‘दोन ठिपक्यांत ४ सेंमी, दोन ओळींत ३.५ सेंमी’ असं छापावं की काय, या विचारात मी होते. आमच्या तळमजल्यावरच्या काकू रोज सकाळी दारात रांगोळी घालतात. पट्टी नाही, भोकांचा कागद नाही, आणि तरी ठिपके आखल्यासारखे. एका सकाळी मी त्यांच्या हाताकडे बघत उभी राहिले. उजव्या हातानं ठिपका टाकायचा, डाव्या हाताची दोन बोटं त्याच्याशेजारी टेकवायची, बोटांच्या पलीकडे पुढचा ठिपका. ओळ संपली. वरची ओळ सुरू करताना दोन बोटं तिरकी टेकवली, एकदा डावीकडच्या ठिपक्याला लागून, एकदा उजवीकडच्या, आणि दोन्ही जिथं जमली तिथं चिमूट सोडली.

“काकू, ओळ किती वर घेता हो?”

“ओळ कुठं घेते मी? ठिपका घेते.”

माझं काम झालं होतं. नवा ठिपका खालच्या दोन्ही ठिपक्यांपासून दोन-दोन बोटं. ओळीची उंची मोजायचीच नाही, ती आपोआप बरोबर पडते. साडेतीनचा आकडा मी पत्रकातून काढून टाकला आणि ठिपक्यांच्या चित्राशेजारी तीनच ठिपक्यांचं एक मोठं चित्र घातलं, त्याच्या तिन्ही बाजूंवर दोन-दोन बोटं काढलेली. खाली पडताळा: सात ठिपक्यांची ओळ आडवी एक आहेच, पण तिरक्याही दोन आहेत, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. तिन्ही ओळींना एकच सुतळी लावून बघा. तिन्हींना तेवढीच पुरली तर पुढे जा, नाहीतर ठिपके पुसा. हा पडताळा पहिल्या रेघेच्या आधी व्हायला हवा, म्हणून त्याला पायऱ्यांच्या क्रमात धरलं नाही. ठिपक्यांच्या चित्राच्या चौकटीतच बसवलं.

ज्यांना एवढाही खटाटोप नको त्यांच्यासाठी जुना ठिपक्यांचा कागद आहेच. जाड कागदावर ठिपके काढून पेटत्या उदबत्तीनं भोकं पाडायची, कागद जमिनीवर ठेवून रांगोळी पसरायची, वरून तळवा फिरवायचा आणि कागद अलगद उचलायचा. पत्रकाच्या मागच्या बाजूला त्या कागदाचा नमुना खऱ्या मापात छापावा असं वाटलं, तर ए फोरचा कागद आडवा आला. चार सेंटीमीटर अंतर धरलं तर रांगोळी २४ सेंटीमीटर रुंद आणि पावणेएकवीसच्या थोडी वर उंच. कागद आडवा धरला तरी त्याची उंची २१. आणि छपाईयंत्र कडेची चार-पाच मिलिमीटर जागा सोडतं, म्हणजे वरची आणि खालची ओळ कापली जाणार. शेवटी नमुना तीन सेंटीमीटरवर आणला. शेजारी पाच सेंटीमीटरची एक रेघ छापली, कारण झेरॉक्सवाला ‘पानात बसवा’ म्हणून आकार जरा कमी करतो आणि सांगत नाही. रेघ पट्टीनं मोजली की कळतं.

मग आल्या पायऱ्या.

आधी आकृती सांगते. मधला ठिपका केंद्र. त्याच्याभोवती सहा ठिपके, त्यांच्याभोवती बारा, त्यांच्याभोवती अठरा. एक, सहा, बारा, अठरा: झाले सदतीस. केंद्रातून सहा पाकळ्या निघतात. प्रत्येक पाकळी जवळच्या ठिपक्याला पोटात घेते आणि त्याच्या पलीकडच्या ठिपक्यावर टोक टेकवते. पाकळ्यांची सहा टोकं सरळ रेघांनी जोडली की फुलाभोवती षटकोन होतो. षटकोनाच्या प्रत्येक बाजूवर बाहेरच्या ठिपक्यांना शिवून येणारे दोन-दोन कंगोरे. आणि सहा कोपऱ्यांतून बाहेर एकेक पान. सदतीसपैकी एकही ठिपका अनाथ राहत नाही. हे मी मुद्दाम पाहिलं. न वापरलेला ठिपका शिल्लक राहिला की नवशिक्याला वाटतं आपली एखादी रेघ राहिली, आणि तो ती शोधत बसतो.

टोक ठिपक्यावर येणं हाही असाच एक नियम. सहा पाकळ्यांच्या मधल्या फटींतून मागची सहा पाकळ्यांची रांग डोकावायला हवी, तसं कमळ जास्त शोभतं. मी ती काढून पाहिली. पण त्या मागच्या पाकळ्यांची टोकं बाहेरच्या ओळीत दोन ठिपक्यांच्या मध्ये, मोकळ्या जागेत येतात. सरावलेला हात तिथं अंदाजानं थांबतो. नवा हात सहा पाकळ्यांना सहा निरनिराळ्या ठिकाणी थांबतो. कमळ बाद केलं, कंगोरे ठेवले. पहिल्या पत्रकात सुंदर काय दिसतं यापेक्षा रेघेची दोन्ही टोकं कुठं बांधलेली आहेत हे मी आधी बघते.

आता यात रेघा किती? पाकळ्यांच्या बारा, षटकोनाच्या सहा, कंगोऱ्यांच्या चोवीस, पानांच्या बारा. एकूण ५४. पायरी म्हणजे एक रेघ असं धरलं तर चित्रात ५४ आकडे येतात. असं एक चित्र मी पाहिलेलंही आहे, परदेशी छापाच्या एका हस्तकलेच्या पुस्तकात. त्यातले आकडे शोधताना रेघा दिसेनाशा होतात. दुसरं टोक म्हणजे ‘१. ठिपके घाला. २. जोडा. ३. रंग भरा.’ हेही छापलेलं आढळतं, आणि ते छापणाऱ्याला मनातून माहीत असतं की दुसऱ्या क्रमांकात सगळी रांगोळी आहे.

काकूंचा हात पुन्हा आठवा. तो एक पाकळी काढतो आणि मग तीच हालचाल आणखी पाच वेळा करतो. तेवढं झालं की थांबतो, आकृतीकडे बघतो आणि दुसऱ्या प्रकारची हालचाल सुरू होते. ‘७ ते ४’मध्ये सगळं सहा वेळा येतं, मग सहा वेळा सांगायचं कशाला? पायरी म्हणजे एक नवी हालचाल. पाकळी ही एक, षटकोनाची बाजू ही दुसरी, कंगोरे तिसरी, पान चौथी. चार पायऱ्या, चार चित्रं. प्रत्येक चित्रात त्या पायरीची एक आवृत्ती ठसठशीत जाड, जिथून सुरू करायची तिथं पोकळ वर्तुळ, जिथं संपवायची तिथं बाण. तीच गोष्ट उरलेल्या पाच ठिकाणी त्याहून बारीक रेघेत, आणि बाजूला ‘असं सहा वेळा’.

पहिली पायरी पत्रकावर अशी उतरली. सातच्या ओळीतला चौथा ठिपका म्हणजे केंद्र. तिथून उजवीकडे निघा, पाचव्या ठिपक्याच्या वरच्या अंगानं वळसा घेऊन सहाव्यावर थांबा. पुन्हा केंद्रातून निघा, पाचव्याच्या खालच्या अंगानं त्याच सहाव्यावर या. एक पाकळी झाली. दोन्ही वेळा केंद्रातूनच का? जाऊन तसंच परत आलं तर हात उचलावा लागत नाही, हे खरं. पण टोकावर वळताना चिमटीतून जास्त रांगोळी सांडते आणि टोक बोथट होतं. दोन रेघा टोकापाशी येऊन थांबल्या तर ते अणकुचीदार राहतं. वळसा किती मोठा, यालाही माप हवं: शेजारच्या पाकळीचा ठिपका आणि आपला ठिपका यांच्यामध्ये जी जागा आहे, तिच्या निम्म्याच्या आत. कारण निम्मी जागा शेजारणीची आहे.

दुसरी पायरी सोपी, सहा सरळ रेघा, टोकापासून टोकापर्यंत, मध्ये एक ठिपका लागतो त्याच्यावरून जायचं. आणि नेमकं इथंच पत्रक अडखळलं. चौथ्या मजल्यावरची एक सूनबाई, दुसऱ्या प्रांतातली, रांगोळी कधी न घातलेली, तिला मी पहिला कच्चा कागद दिला आणि शेजारी गप्प बसून राहिले. पाकळ्या तिनं सुरेख काढल्या. षटकोनाच्या पहिल्याच रेघेला हात हवेत थांबला. ठिपक्यावरून जायचं की त्याला वळसा घालायचा? पहिल्या पायरीत तिनं ठिपक्याला वळसा घालायचा हे शिकून घेतलं होतं, आणि माझ्या चित्रात जाड रेघेखाली ठिपका गडप झाला होता. त्यामुळे रेघ ठिपक्यावरून गेली आहे की तिथं ठिपकाच नाही, हे कागद सांगत नव्हता.

तेव्हापासून माझ्या चित्रांत ठिपका रेघेपेक्षा नेहमी जाड असतो. रेघ मिलिमीटरभर जाड, तर ठिपका तीन मिलिमीटर. रेघ त्याच्यावरून गेली तरी दोन्ही बाजूंनी तो डोकं वर काढतो, ओवलेल्या मण्यासारखा नजरेत भरतो. आणि जिथं वळसा आहे तिथं रेघ आणि ठिपका यांच्यामध्ये पांढरी फट उघड दिसेल एवढी ठेवायची, आकृती थोडी फुगली तरी चालेल. जमिनीवरची रेघ कागदावरच्यासारखी बारीक नसते. चिमटीतून पडणारी रेघ नव्या हाताची असेल तर सहज चार-पाच मिलिमीटरची होते. कागदावर जिथं कशीबशी फट दिसते, जमिनीवर तिथं फट राहतच नाही.

तिसरी पायरी, कंगोरे. वरच्या बाजूचं सांगते. पाच ठिपक्यांच्या ओळीतला दुसरा, तिसरा आणि चौथा ठिपका षटकोनाच्या रेघेवर आहेत. दुसऱ्यापासून वर, चारच्या ओळीतल्या दुसऱ्या ठिपक्यावर, तिथून खाली तिसऱ्यावर, पुन्हा वर, चारच्या ओळीतल्या तिसऱ्यावर, खाली चौथ्यावर. झाले दोन कंगोरे. असं सहाही बाजूंना. चौथ्या पायरीला बाहेरचे सहा कोपरे उरतात. षटकोनाच्या कोपऱ्यातून निघून त्याच्या समोरच्या बाहेरच्या ठिपक्यावर टोक टेकवणारं छोटं पान, पाकळीसारख्याच दोन रेघांचं, पण पोटात ठिपका नसलेलं. पाकळीची हालचाल इथं पुन्हा येते, म्हणून या चित्राखाली शब्द जवळजवळ नाहीतच.

रंगांविषयी मी एक ओळसुद्धा घातली नाही. तक्रारी आल्या. येऊ देत. ज्याच्या रेघा सुबक आल्या त्याला रंग कुठं भरायचा ते विचारावं लागत नाही, आणि रंगीत पत्रक झेरॉक्सच्या दुकानातून काळंच बाहेर येतं. हे झेरॉक्सचं भान सुरुवातीपासूनच ठेवावं लागलं. आधीच्या पायऱ्यांच्या रेघा फिकट करड्या आणि नवी पायरी काळी, ही पहिली कल्पना कुणालाही सुचेल, आणि संगणकाच्या पडद्यावर ती देखणीही दिसते. पण कागद शिबिरातून घरी, घरातून शेजारी जाणार, झेरॉक्सची झेरॉक्स निघणार. त्यात करडा रंग एक तर नाहीसा होतो किंवा काळपट डागांचा होतो. म्हणून फरक रंगाचा न ठेवता जाडीचा ठेवला: जुन्या रेघा बारीक आणि काळ्या, नव्या जाड आणि काळ्या. ते चौथ्या पिढीच्या झेरॉक्सपर्यंत टिकतं.

चारही चित्रांना तळाचे ठिपके मात्र एकच हवेत. दर चित्राला ठिपके नव्यानं काढले तर ते केसभर इकडेतिकडे होतात आणि बघणाऱ्याची नजर एका चित्रावरून दुसऱ्यावर जाताना चुकते. मी कंपासनं सहा सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तीच त्रिज्या परिघावर सहा वेळा मारून सहा कोपरे मिळवले, कोपरे जोडून प्रत्येक बाजूचे तीन समान भाग केले आणि समोरासमोरचे कोपरे आणि खुणा बाजूंना समांतर जोडल्या. जिथं जिथं रेघा छेदल्या तिथं ठिपका, बरोब्बर सदतीस. त्या एका कागदाच्या झेरॉक्स काढून त्यांच्यावर चार पायऱ्या चढवल्या.

कागद जमिनीवर असतो, टेबलावर नाही, हे विसरून चालत नाही. काढणारा उकिडवा बसलेला, कागद त्याच्या गुडघ्याशी, डोळ्यांपासून दोन-अडीच फुटांवर, आणि दोन्ही हात पांढरे. पान उलटणं शक्य नाही. म्हणून सगळ्या पायऱ्या एकाच बाजूला. आकडे ठळक. आणि काढणारा रांगोळीभोवती सरकतो, कागद जागेवर राहतो, त्यामुळे कागद उलटा दिसायला लागतो. उलटा धरलेला ३ जवळजवळ ६ दिसतो. तिसऱ्या चित्रापाशी बसलेला मुलगा सहावी पायरी आली कुठून म्हणून कागद न्याहाळत होता. चित्रांवर आता आकड्याऐवजी अक्षरात ‘तिसरी पायरी’ असतं, आणि कागदाच्या माथ्याशी एक पणती: ती तुमच्यापासून दूरच्या बाजूला ठेवा. त्याखेरीज सातची ओळ आडवी राहत नाही. ही आकृती बाजूनं बघितली तर तिच्या ओळी उभ्या होतात आणि ‘पाचच्या ओळीतला दुसरा ठिपका’ याला काही अर्थच राहत नाही.

हे सगळं तुटक रेघांच्या रांगोळीला लागू. सगळ्याच रांगोळ्या अशा सहा वेळा घडी घालून ठेवता येत नाहीत. आमच्याकडे जिला ज्ञानकमळ म्हणतात ती घ्या. केंद्रापासून आठ दिशांना पाच-पाच ठिपके. पहिल्या दिशेच्या पहिल्या ठिपक्यापासून निघायचं, शेजारच्या दिशेच्या चौथ्यावर, पुढच्या दिशेच्या दुसऱ्यावर, मग पाचव्यावर, मग तिसऱ्यावर आणि पुन्हा पहिल्यावर. एक, चार, दोन, पाच, तीन. दिशा आठ आणि पाळी पाचाची, म्हणून एक फेरी झाली की सुरुवातीच्या ठिपक्यावर परत येत नाही; त्याच दिशेच्या पाचव्यावर येतो. पाच फेऱ्या मारल्या, चाळीसही ठिपके शिवून झाले, की रेघ पहिल्या ठिपक्याला मिळते आणि तेव्हा कुठं आठ पाकळ्या दिसतात. त्याआधी नुसता गुंता. इथं पाकळी ही हालचालच नाही, ती परिणाम आहे. ‘एक पाकळी काढा, असं आठ वेळा’ म्हटलं तर काढताच येत नाही. या पत्रकात फेरी हीच पायरी धरायला हवी, पाच चित्रं, आणि प्रत्येक चित्रात नवी फेरी जाड. तळाशी ठिपक्यांना आतून बाहेर एक ते पाच आकडे आणि वर मोठ्या अक्षरात ती पाचाची पाळी. मुलं ती दोनदा मोठ्यानं म्हणतात आणि कागदाकडे बघायचं सोडून देतात.

‘७ ते ४’चं पत्रक काकूंना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं, दोन बोटांच्या चित्रावर हसल्या आणि तिसऱ्या पायरीवर बोट ठेवलं. “हे सहा वेळा कशाला? एकदा सुरू केलं की सगळीकडून फिरून तिथंच येतं.” खरंच येतं. कंगोऱ्यांच्या चोवीस रेघा ही एकच न तुटणारी रेघ आहे. काकू ती एका दमात घेतात, चिमूट संपत आली की डाव्या मुठीतली रांगोळी उजव्या चिमटीत कधी घेतात ते दिसत नाही. नव्या हाताची चिमूट एका बाजूचे दोन कंगोरे होईतो रिकामी होते आणि रेघ तिसऱ्या कंगोऱ्याच्या निम्म्यात विरत जाते. मग जोड नेमका मध्यावर दिसतो. एका बाजूपुरती पायरी तोडली की चिमूट कोपऱ्यावर भरली जाते आणि जोड पानाच्या देठाखाली झाकला जातो. काकूंना हे पटलं, पण अर्धंच. पुढच्या छपाईत तिसऱ्या चित्राच्या सहाही कोपऱ्यांवर मी बारीक फुली घातली आहे: ‘इथं चिमूट भरा’. त्यांचं म्हणणं, तिथं ठिपका आहेच, वेगळी फुली हवी कशाला.